आधी आला, तोच खरा?

समजा, नाशिकमध्ये एक फिजिओथेरपिस्ट आहे. वय एकतीस. मैत्रिणींच्या आग्रहाखातर ती एका डेटिंग ॲपवर खाते उघडते. नाव, वय, आवडीनिवडी भरून झाल्यावर आपला सगळ्यात आवडता फोटो अपलोड करते. क्लिनिकच्या खिडकीशी ती उभी आहे, उजवीकडून उजेड येतो आहे, चेहऱ्यावर हसू आहे. दोन सेकंदांत स्क्रीनवर सूचना उमटते: हा फोटो दुसऱ्या एका खात्यावर आधीपासून आहे, तुमचे खाते तपासणीसाठी थांबवले आहे.

ती चक्रावते. फोटो तिचाच आहे, तिच्या बहिणीने काढलेला. दोन वर्षांपूर्वी तिने तो इन्स्टाग्रामवर टाकला होता. मधल्या काळात तो कुणीतरी उचलला, आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याच नावाने याच ॲपवर लावला आणि त्या चेहऱ्याआडून कितीतरी पुरुषांशी गप्पा मारल्या. चोर आधी पोहोचला म्हणून यंत्राच्या लेखी फोटोचा धनी तो ठरला. फोटोतली बाई नंतर आली म्हणून संशय तिच्यावर.

हे उदाहरण कल्पित आहे. पण डेटिंग ॲपमधली फोटोंची तपासणी ज्या तत्त्वावर चालते, ते पाहिले तर असे घडणे अजिबात अवघड नाही. ‘आमच्याकडे चोरलेले फोटो ओळखणारी यंत्रणा आहे’ असे ॲप सांगते, तेव्हा वापरणाऱ्याला वाटते की फोटो कुणाचा आहे हे कुणीतरी तपासले आहे. प्रत्यक्षात तपासलेली गोष्ट वेगळी असते. हा फोटो आपण आधी पाहिला आहे का, एवढाच प्रश्न यंत्राने विचारलेला असतो. या दोन प्रश्नांतल्या अंतरातच फसवणूक राहते, आणि त्याची किंमत ॲप नव्हे, फोटोतली व्यक्ती आणि फसलेली व्यक्ती मोजतात.

फोटोचा ठसा

नवा फोटो आला की ॲप त्याची फाइल जशीच्या तशी जुन्या फायलींशी ताडून पाहत बसत नाही. तसे केले तर हाती काहीच लागणार नाही. एकच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. स्क्रीनशॉट घेतला की त्याचे मोजमाप बदलते. आपल्या डोळ्यांना फोटो तोच दिसतो, पण संगणकासाठी ती सर्वस्वी वेगळी फाइल असते. म्हणून फाइलचा नव्हे, फोटोतल्या उजेड-अंधाराच्या मांडणीचा ठसा घेतला जातो. तंत्रज्ञ त्याला ‘हॅश’ म्हणतात. असे ठसे घेण्याच्या अनेक रीती आहेत. त्यातली एक साधी रीत समजून घेतली की बाकीच्यांचे मर्मही कळते.

फोटो आधी कृष्णधवल करायचा आणि दाबून दाबून इतका लहान करायचा की आडव्या ओळीत फक्त ९ ठिपके आणि उभ्या अशा ८ ओळी उरतील. चेहरा, केस, खिडकी काहीच ओळखू येणार नाही. उरतील ७२ राखाडी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा आकडा द्यायचा: ठार काळ्याला ०, शुभ्र पांढऱ्याला २५५. मग प्रत्येक ठिपक्याची उजवीकडच्या शेजाऱ्याशी तुलना करायची. शेजारी जास्त उजळ असेल तर १ लिहायचा, नसेल तर ०.

नाशिकच्या फोटोत उजेड उजवीकडून येतो. तेव्हा त्यातली एक ओळ अशी असेल: ३०, ४२, ५५, ७०, ८६, ८४, १०१, ११५, १२८. पहिल्या चारही तुलनांत उजवा शेजारी उजळ आहे, म्हणून ११११. पाचव्या तुलनेत ८६ नंतर ८४ येतो, म्हणजे उजेड किंचित उतरतो, तिथे ०. पुढे पुन्हा १११. या ओळीचा ठसा झाला ११११०१११. अशा आठ ओळींचे मिळून ६४ आकडे होतात आणि तोच त्या फोटोचा ठसा. ॲपने फोटो जपून ठेवला नाही, तरी एवढ्या ६४ आकड्यांवरून तो पुन्हा आला तर ओळखता येतो.

या रीतीचे बळ तुलनेत आहे. चोराने फोटो थोडा उजळ केला, सगळ्या ठिपक्यांत २० मिळवले, तरी कोण कोणापेक्षा उजळ हे बदलत नाही. ठसा तोच राहतो. फोटो दाबला, मोठा केला, रंग फिका केला, तरी ६४ पैकी एखाददुसरा आकडा इकडचा तिकडे होतो. म्हणून दोन ठसे तंतोतंत जुळण्याची अट नसते. किती जागी ते वेगळे आहेत हे मोजले जाते. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन फोटो घेतले तर साधारण निम्म्या, म्हणजे ३२ च्या आसपास जागी फरक निघतो. एकाच फोटोच्या दोन प्रती असतील तर फरक शून्य किंवा अगदी थोडा.

ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधील संगणकतज्ज्ञ हॅनी फरीद यांच्यासोबत २००९ मध्ये ‘फोटोडीएनए’ हे तंत्र आणले. मुलांच्या लैंगिक शोषणाची ज्ञात छायाचित्रे पुन्हा पसरताना पकडणे, हा त्याचा हेतू होता. फेसबुकने २०१९ मध्ये ‘पीडीक्यू’ हे आपले सूत्र सर्वांसाठी खुले केले. त्याचा ठसा २५६ आकड्यांचा असतो. तत्त्व सगळीकडे एकच आहे: एखादा फोटो आधी कुठल्यातरी यादीत आलेला असेल, तर तो पुन्हा ओळखायचा.

रेघ कुठे ओढायची?

किती जागी फरक असेपर्यंत दोन फोटो ‘एकच’ मानायचे, हा यातला खरा निर्णय. तो गणिती दिसतो, पण त्याचे परिणाम माणसांवर होतात.

समजा ॲपकडे एक कोटी फोटोंचे ठसे आहेत आणि रोज एक लाख नवे फोटो येतात. ६४ पैकी १० जागांपर्यंतचा फरक चालवून घ्यायचा असे ठरवले. ठसे निव्वळ नाणेफेकीसारखे असते, तर दोन असंबद्ध फोटो योगायोगाने इतके जवळ येण्याची शक्यता दहा कोटींत एक. ऐकायला ती नगण्य वाटते. पण प्रत्येक नवा फोटो एक कोटी ठशांशी ताडला जातो. म्हणजे दर दहा नव्या फोटोंमागे एकावर खोटी जुळणी निघेल. एक लाख फोटोंमागे रोज दहा हजार निरपराध संशयित.

आता रेघ १० वरून ४ वर आणा. याच हिशोबाने खोटी जुळणी महिन्याभरात जेमतेम एक निघेल. पण रेघ इतकी घट्ट केली की चोराचे काम सोपे होते. फोटोच्या एका कडेची पट्टी कापली, कोपऱ्यात चार शब्द लिहिले, चौकट लावली की फरक चारच्या पुढे जातो आणि फोटो नवा ठरतो.

वास्तव या हिशोबापेक्षा अधिक किचकट आहे, कारण माणसांचे फोटो नाणेफेकीसारखे नसतात. डेटिंग ॲपवरचे निम्मे फोटो मधोमध चेहरा, वर आकाश, खाली गडद कपडे अशा एकाच घडणीचे असतात. ७२ ठिपक्यांपर्यंत दाबल्यावर समुद्रकिनाऱ्यावर उभी असलेली दोन वेगळी माणसे बरीच सारखी दिसू शकतात. म्हणून ॲप सहसा एकाच ठशावर थांबत नाही. आधी ठशाने चाळायचे, मग मोठ्या प्रतिमेवर अधिक बारकाईने तुलना करायची आणि तरीही शंका उरली तर माणसाने पाहायचे, अशा पायऱ्या असाव्या लागतात. जिथे शेवटची पायरी खर्चिक म्हणून गाळली जाते, तिथे गणिताचा अंदाज हाच निकाल होऊन बसतो.

चोराला रेघ कुठे आहे हे माहीत नसते, पण ती चुकवायची कशी हे त्याला अनुभवाने कळते. सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे आरशातल्यासारखा फोटो उलटा करणे. नाशिकच्या फोटोतली तीच ओळ उलटी केली की उजेड आता डावीकडून येतो आणि ठसा होतो ०००१००००. आधीच्या ११११०१११ शी ताडला तर आठपैकी सहा जागा बदललेल्या. आठही ओळींत असेच झाले तर यंत्राच्या दृष्टीने हा फोटो असंबद्ध फोटोंपेक्षाही जास्त परका ठरतो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक फोटोचा सुलटा आणि उलटा असे दोन ठसे ताडून पाहायचे. फोटो निम्मा कापून फक्त चेहरा ठेवला असेल, तर मात्र ९ गुणिले ८ ची सगळी मांडणीच सरकते आणि असा साधा ठसा निरुपयोगी होतो. तिथे फोटोच्या छोट्या छोट्या भागांची तुलना करणारी अधिक महागडी तंत्रे लागतात.

वापरणाऱ्याला उलट्या फोटोची खूण कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. मागच्या दुकानाची पाटी उलटी वाचावी लागते, पुरुषाच्या शर्टची बटणपट्टी नेहमीच्या विरुद्ध बाजूला दिसते. पण हा पुरावा नव्हे. अनेक फोनचा पुढचा कॅमेरा सेल्फी मुळातच उलटी साठवतो. त्यामुळे फोटो उलटा दिसला तर शंका घ्यावी, शिक्का मारू नये.

आणि सगळ्या खऱ्या जुळण्या चोरीच्या असतात असेही नाही. लग्नातला तीन मित्रांचा एकत्र फोटो तिघेही आपापल्या खात्यावर लावतात. कुणी खाते बंद करून वर्षाने पुन्हा उघडते आणि तेच जुने फोटो घालते. ‘हा फोटो दोनदा आला’ एवढेच यंत्राला दिसते. का आला, हे त्या ६४ आकड्यांत कुठेच लिहिलेले नसते.

वही ज्याची त्याच्यापुरती

ही सगळी यंत्रणा अगदी अचूक चालली असे धरून चालू. तरी तिची एक मर्यादा कोणत्याही गणिताने जात नाही. ॲप नवा फोटो ताडून पाहते ते स्वतःच्या वहीतल्या फोटोंशी. चोराने तो इन्स्टाग्रामवरून, एखाद्या डॉक्टरच्या क्लिनिकच्या पानावरून किंवा दुसऱ्याच डेटिंग ॲपवरून उचलला असेल आणि या ॲपवर तो पहिल्यांदाच येत असेल, तर वहीत त्याची नोंदच नसते. तपासणीचे उत्तर येते: फोटो नवा आहे. फोटो शंभर टक्के चोरीचा आणि तपासणी शंभर टक्के बरोबर.

दुहेरी फोटो शोधणारी तपासणी म्हणूनच चोराला दुसऱ्यांदा पकडते, पहिल्यांदा नाही. एकाच फोटोवर वीस खोटी खाती चालवणाऱ्या टोळीला तिचा चांगला चाप बसतो, आणि ते काम मोलाचे आहे. पण प्रत्येक खात्याला वेगळ्या व्यक्तीचे फोटो वापरणारा शांत डोक्याचा ठग तिच्या समोरून निघून जातो. उलट, त्याने आधी नोंद केलेली असल्याने खऱ्या व्यक्तीची वाटही तोच अडवतो.

ज्याचा फोटो चोरीला गेला त्याला हे कळणारही नाही, अशीच डेटिंग ॲपची रचना आहे. फेसबुकवर आपल्या नावाने शोध घेता येतो. डेटिंग ॲपवर तशी सोय नसते. वय, अंतर आणि कुणाला कोण हवे आहे या पसंतीप्रमाणे समोर जी खाती येतील तीच दिसतात. नाशिकच्या बाईचा फोटो लावलेले खाते पुरुषांना दिसेल. तिला स्वतःला ते दिसण्याचा मार्गच नाही. एखादा रुग्ण किंवा दूरचा नातेवाईक ‘तुम्हाला तिथे पाहिले’ असे चाचरत सांगेल, तेव्हा ते तिला कळणार. अमेरिकी लष्कराने आपल्या सैनिकांचे फोटो प्रेमाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीत वापरले जातात, असे इशारे वर्षानुवर्षे दिले आहेत. तिथल्या एका निवृत्त कर्नलला तर अनोळखी स्त्रियांचे संदेश येऊ लागल्यावर आपल्या चेहऱ्याची असंख्य खोटी खाती असल्याचा पत्ता लागला. त्याने स्वतःच त्यांचा माग काढला, तक्रारी करून ती बंद करवली, आणि नवी उघडत राहिली.

इथे हा विषय तंत्रज्ञानाचा न राहता आरोग्याचा होतो. ब्रिटनमध्ये मोनिका व्हिट्टी आणि टॉम ब्युकॅनन या मानसशास्त्रज्ञांनी अशा फसवणुकीच्या बळींच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या लोकांना दुहेरी घाव बसतो, असे त्यांना आढळले: पैसा जातो आणि नातेही जाते. बहुतेकांना पैशापेक्षा नाते गमावल्याचे दुःख मोठे वाटत होते. ते दुःख घरच्यांना आणि मित्रांना समजत नव्हते, म्हणून त्यातून बाहेर येणेही कठीण जात होते. जे माणूस म्हणून कधी अस्तित्वातच नव्हते, त्याचा शोक कुणापुढे करायचा? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात अशा फसवणुकीच्या सुमारे ७० हजार तक्रारी आल्या आणि त्यांतले सांगितलेले नुकसान १.३ अब्ज डॉलर होते. ही फक्त तक्रार करणाऱ्यांची मोजणी. ज्यांचे चेहरे वापरले गेले, त्यांची मोजणी या आकड्यात नाही.

चेहऱ्याची खातरजमा

या मर्यादेवर ॲपनी शोधलेला उपाय म्हणजे सेल्फीची तपासणी. टिंडरने २०२० मध्ये फोटो पडताळणीची सोय सुरू केली. पुढे आलेल्या ‘फेस चेक’ या प्रकारात नव्या वापरकर्त्याला छोटा व्हिडिओ सेल्फी द्यावा लागतो. भारतातही ही सोय २०२५ मध्ये लागू झाली. इथे फोटोचा नव्हे, चेहऱ्याचा ठसा घेतला जातो. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘फेसनेट’ या पद्धतीत एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. एकाच माणसाचे दोन वेगळे फोटो असले, तरी ते आकडे एकमेकांच्या जवळ येतात. दोन वेगळ्या माणसांचे लांब राहतात.

प्रश्न इथे योग्य दिशेला वळतो. ‘हा फोटो आधी पाहिला का’ याऐवजी ‘फोन हातात धरलेली व्यक्ती फोटोतली आहे का’ असे विचारले जाते. नाशिकच्या बाईचा फोटो लावणाऱ्या ठगाला तिचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आणता येत नाही. फोटो पहिल्यांदा आला की दहाव्यांदा, याने काही बिघडत नाही. शिवाय एकच चेहरा अनेक खात्यांवर फिरत असेल तर तेही दिसते.

तरीही तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, तपासणी केव्हा झाली? खाते उघडताना स्वतःचा फोटो लावून शिक्का मिळवला आणि दुसऱ्या दिवशी पाच चोरलेले फोटो टाकले, तर तो शिक्का कुणाचा? प्रत्येक नवा फोटो त्या सेल्फीशी पुन्हा ताडला जात नसेल, तर नावापुढची खूण कालच्या फोटोची ग्वाही देते, आजच्या नव्हे. दुसरी, खूण काय सांगते? टिंडरवरच्या फसवणुकीवरचा २०२२ चा गाजलेला माहितीपट ज्या माणसावर आहे, तो स्वतःचेच फोटो वापरत होता. हिऱ्यांच्या बड्या व्यापाऱ्याचा मुलगा असल्याची बतावणी करून त्याने स्त्रियांना लुबाडले. चेहऱ्याच्या कुठल्याही तपासणीत तो उत्तीर्ण झाला असता. चेहरा खरा म्हणजे माणूस खरा नव्हे. तिसरी, चेहऱ्याचा ठसा ही बदलता न येणारी गोष्ट आहे. पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो. चेहरा घेता येत नाही. म्हणून तो किती काळ साठवला जाईल आणि खाते बंद केल्यावर पुसला जाईल का, हे अटींच्या चाळीस पानांत नव्हे, सेल्फी मागतानाच दोन ओळींत सांगितले पाहिजे.

तपासणी कुणासाठी?

दुहेरी फोटोंची तपासणी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. ती स्वस्त आहे, झटपट आहे, टोळ्यांना आवर घालते. तिच्या उत्तराला निकाल मानणे ही चूक आहे. जुळणी निघाली की नंतर आलेल्याला थांबवायचे, हा नियम ॲपसाठी सोयीचा आहे, न्याय्य नाही. दोन खात्यांवर एकच फोटो असेल, तर सेल्फी दोन्ही खात्यांकडून मागायला हवी. ज्याचा चेहरा जुळेल त्याचा फोटो राहील, आधी कोण आले याला काही महत्त्व नाही. तीन मित्रांच्या फोटोत तिघांचेही चेहरे जुळतील आणि तिघेही सुटतील. नाशिकच्या प्रसंगात आठ महिने चाललेले खोटे खाते त्याच दिवशी बंद पडेल. त्याने ज्यांच्याशी संभाषण केले, त्या सर्वांना ‘हा फोटो दुसऱ्याच व्यक्तीचा होता’ असे कळवणेही मग ॲपचे कर्तव्य ठरते. खाते गुपचूप नाहीसे केले, तर पैसे पाठवण्याच्या बेतात असलेला माणूस दुसऱ्या नंबरवर त्याच ठगाशी बोलत राहतो.

दुसरी गरज आहे ती ॲपवर नसलेल्यांसाठी दाराची. आज आपला फोटो तिथे वापरला जातो आहे का, हे विचारायचे तर बहुधा आधी तिथले ग्राहक व्हावे लागते. विवाहित बाईने, साठीच्या निवृत्त शिक्षकाने केवळ आपला चेहरा शोधण्यासाठी डेटिंग ॲपवर खाते का उघडावे? खाते न उघडता फोटो आणि सेल्फी देऊन शोध घेता आला पाहिजे, आणि शोध संपताच ती सेल्फी पुसली गेली पाहिजे. याचा नमुना उपलब्ध आहे. खासगी क्षणांचे फोटो संमतीविना पसरवले जाण्याविरुद्ध ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सोय २०२१ च्या अखेरीस सुरू झाली. तिथे पीडित व्यक्तीच्या स्वतःच्या फोनवरच फोटोचा ठसा तयार होतो. फोटो फोन सोडून कुठे जात नाही. फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. बम्बल हे डेटिंग ॲपही त्यात सहभागी झाले आहे. साध्या, अंगभर कपड्यांतल्या चोरलेल्या फोटोंसाठी अशी सामायिक वही असायला हरकत नाही. मात्र तिथे एक धोका आहे. कुणीही दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून नोंदवून त्या व्यक्तीलाच सगळीकडे बंद पाडू शकतो. तेव्हा अशा वहीत नोंद करतानाही सेल्फी जुळवणे अटळ आहे.

कायद्याचा आधार अर्धवट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी तर संबंधित व्यक्तीने तक्रार केल्यावर तोतयेगिरीचा मजकूर २४ तासांत हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. पण ही सारी घड्याळे तक्रारीपासून सुरू होतात, आणि डेटिंग ॲपवर तक्रार करायला आधी काही दिसावे लागते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे सगळ्यांना दिसेल असा इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो उचलला गेला, तर त्या कायद्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते. फक्त चेहरा गेला असेल, तर खोट्या खात्याचा स्क्रीनशॉट, त्यावरचे नाव आणि मूळ फोटो पहिल्यांदा कुठे, कोणत्या तारखेला टाकला त्याचा पुरावा जपून ठेवावा. आधी कोण आले या यंत्राच्या प्रश्नाला तेवढेच उत्तर देता येते.

ते उत्तर शोधण्याचे ओझे मात्र फोटोतल्या व्यक्तीवर असता कामा नये. ॲप रोज लाखो फोटोंचे ठसे घेते, ते क्षणात ताडते आणि त्यावर खाती थांबवते. एवढी यंत्रणा उभी करू शकणाऱ्या कंपनीला आणखी एक प्रश्न विचारणे परवडते: थांबवलेली व्यक्तीच फोटोतली तर नाही ना? नाशिकच्या त्या फिजिओथेरपिस्टला ‘तुमचे खाते थांबवले’ याऐवजी ‘हा फोटो दुसऱ्या खात्यावरही आहे, तो तुमचा असेल तर सेल्फी द्या, आम्ही त्या खात्याकडूनही मागत आहोत’ असे वाक्य दिसायला हवे होते.